शेवटची तारीख आणि तिच्या आधीची कामे
(मुदत आणि दाव्याची पात्रता या विषयांवरील सराव-टिपणांच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्याला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्याला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ ती करता येत नाही. चार आठवड्यांत विद्यार्थ्याला उलटतपासणी शिकवता येत नाही, युक्तिवादही शिकवता येत नाही. मात्र एक फाइल त्याच्या हाती देऊन, "हा दावा मुदतीत आहे का आणि आहे त्या स्थितीत तो चालेल का, एवढं मला लिहून दे," असे सांगता येते. दिवाणी काम करणाऱ्या अनेक ऑफिसांत इंटर्नची परीक्षा म्हणून असेच टिपण लिहून घेतात. ही पुस्तिका त्या टिपणासाठी आहे.

अशी टिपणे मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. त्यांत कायद्याचे अज्ञान फारसे आढळत नाही. मुदतीच्या कायद्याचे कलम ३ सगळ्यांना ठाऊक असते. प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचा असतो, हे बहुतेकांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असते. उणीव वेगळीच असते. मुदतीवर दोन पाने, दाव्याच्या पात्रतेवर दोन पाने, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे याचा पत्ताच नाही. सीनियरला मात्र एकच गोष्ट हवी असते: दावा कोणत्या तारखेच्या आत दाखल व्हायला हवा आणि त्याआधी कोणकोणती कामे उरकायला हवीत. पात्रतेतला दोष दूर करायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुदतीतूनच जातो. म्हणून दोन्ही प्रश्न एकाच कॅलेंडरवर मांडावे लागतात. या पुस्तिकेतला प्रत्येक सराव याच एका आग्रहातून रचला आहे. तो आग्रह नेमका काय आहे हे कळावे म्हणून एक उदाहरण इथे पूर्ण सोडवून दाखवतो. उदाहरण सरावासाठी रचलेले आहे, पण अशा फाइली इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या वकिलांकडे नेहमी येतात.

इचलकरंजीतल्या सूत विकणाऱ्या एका भागीदारी फर्मने सोलापूरच्या एका गारमेंट कारखानदाराला १० जून २०१९ रोजी १८,४०,००० रुपयांचे सूत दिले. माल त्याच दिवशी पोचला. बिलावर ६० दिवसांची उधारी छापलेली आहे. पैसे आले नाहीत. २० जानेवारी २०२३ रोजी कारखानदाराच्या खात्यातून दोन लाख रुपये एनईएफटीने जमा झाले. ६ एप्रिल २०२३ रोजी फर्मने खातेउतारा पाठवला. त्यावर कारखानदाराच्या अकाउंटंटने "बाकी बरोबर" असे लिहून, सही-शिक्का मारून तो परत दिला. त्यानंतर काहीच हालचाल नाही. २ मे २०२४ रोजी फर्मचे भागीदार ऑफिसात येतात आणि फाइल इंटर्नकडे जाते.

पहिले काम अनुच्छेद निवडण्याचे. पैशांचा दावा म्हटला की तीन वर्षे, एवढ्यावर इंटर्न थांबतो. तीन वर्षे बरोबरच आहेत, प्रश्न ती कोणत्या दिवसापासून धरायची हा आहे. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर अनुच्छेद १४ लागतो आणि मालाच्या सुपुर्दगीपासून तीन वर्षे मोजायची. उधारीची मुदत ठरलेली असेल तर अनुच्छेद १५, आणि मोजणी ती उधारी संपल्यापासून. बिलावरच्या "६० दिवस" या छापील ओळीने इथे दोन महिन्यांचा फरक पडतो. म्हणून टिपणात नुसते "अनुच्छेद १५ लागू" असे लिहून भागत नाही. ती अट बिलाच्या कोणत्या जागी आहे आणि कारखानदाराने ते बिल स्वीकारल्याची सही कुठे आहे, हेही लिहायला हवे.

आता मोजणी. कलम १२ प्रमाणे ज्या दिवसापासून मोजायचे तो दिवस सोडायचा. ११ जूनपासून साठ दिवस मोजले की उधारी ९ ऑगस्ट २०१९ रोजी संपते. तिथून तीन वर्षे म्हणजे ९ ऑगस्ट २०२२. बहुतेक विद्यार्थी इथे चुकतात, आणि चूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. कोविडकाळातल्या मुदतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ रोजी दिलेला आदेश त्यांना आठवतो. त्यातले "१ मार्च २०२२ पासून ९० दिवस" हे शब्द डोक्यात पक्के बसलेले असतात. मग ते असे लिहितात की आपली मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपत होती, म्हणजे ती कोविडकाळात संपणारी नव्हती, त्यामुळे या आदेशाचा फायदा नाही आणि दावा ९ ऑगस्ट २०२२ लाच मेला.

आदेश मुळातून वाचला तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळायचा, हा मुख्य नियम. ज्यांची मुदत याच काळात संपत होती त्यांना किमान ९० दिवस मिळावेत, आणि शिल्लक मुदत त्याहून जास्त असेल तर ती मिळावी, ही पुढची सोय. ९० दिवसांची गोष्ट फक्त दुसऱ्या भागात आहे. पहिला भाग सगळ्यांना लागू होतो. मार्च २०२४ मध्ये आरिफ अझीम विरुद्ध अ‍ॅप्टेक या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा काळ वगळून १५ मार्च २०२० रोजी शिल्लक असलेली मुदत १ मार्च २०२२ पासून पुढे मोजली. तो निवाडा लवाद नेमण्याच्या अर्जाचा होता आणि त्यातली मुदत कोविडकाळातच संपत होती. आपल्या फाइलपासून तो एवढा वेगळा आहे, हेही टिपणात लिहिले पाहिजे. समोरचा वकील हा फरक काढणारच. त्याला उत्तर आदेशाच्या शब्दांतच आहे: वगळणूक सगळ्या न्यायालयीन कार्यवाहींसाठी आहे, मुदत कधी संपत होती यावर ती अवलंबून ठेवलेली नाही.

वगळलेला काळ ७१६ दिवसांचा आहे. ९ ऑगस्ट २०२२ च्या पुढे ७१६ दिवस मोजले की २५ जुलै २०२४ ही तारीख येते. वर्षे, महिने आणि दिवस वेगवेगळे धरून शिल्लक मुदत काढली तर २६ जुलै येते. अशा वेळी इंटर्नने दोन्ही आकडे दाखवावेत आणि आधीची तारीख धरावी. सीनियरला एक दिवस जास्त मिळवून देण्यात इंटर्नचे कौशल्य नाही. २६ तारखेच्या भरवशावर कोणी राहू नये, हे आधीच सांगण्यात आहे.

एका चुकीमुळे पुढचे सगळे कसे ढासळते, ते इथे पाहा. अर्धवट भरणा आणि कबुली यांनी नवी मुदत सुरू होते खरी, पण दोन्ही गोष्टी मूळ मुदत संपण्याच्या आत घडलेल्या असाव्या लागतात. कलम १८ आणि १९ ची हीच पहिली अट आहे. मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली असे धरले की २०२३ मधला भरणा आणि खातेउताऱ्यावरची सही, दोन्ही या कलमांसाठी निरुपयोगी ठरतात. मुदत २५ जुलै २०२४ पर्यंत आहे असे दिसले की दोन्ही जिवंत होतात. म्हणून अनुच्छेद, सुरुवात, वगळणूक, मग भरणा आणि कबुली हा क्रम मोडता येत नाही. खातेउताऱ्यावर सही आहे म्हणजे मुदत वाढली, असे वाक्य ज्या टिपणात पहिल्या पानावर येते त्याची बाकीची पाने मी फार काळजीपूर्वक वाचतो.

भरण्यासाठी कलम १९ आणखी एक गोष्ट मागते. भरणा केल्याची नोंद पैसे देणाऱ्याच्या किंवा त्याच्या अधिकृत माणसाच्या हस्ताक्षरात, किंवा त्याच्या सहीच्या लिखाणात असावी लागते. आपल्या बँकेच्या उताऱ्यावर जमा झालेले दोन लाख हा भरण्याचा पुरावा आहे, कारखानदाराचे सहीचे लिखाण नाही. त्याच्या बँकेत सही केलेली एनईएफटीची स्लिप मिळाली, किंवा पैसे पाठवल्याचे त्याचे पत्र सापडले, तर २० जानेवारी २०२६ ही तारीख उभी राहते. खातेउताऱ्यावरची सही कलम १८ खाली येते. तिथे सही कर्जदाराची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची असावी लागते. अकाउंटंटला तो अधिकार होता का? आधीच्या वर्षांचे खातेउतारे त्यानेच सही करून दिले होते आणि मालकाने त्यांवरून व्यवहार केले, असे दाखवता आले तर ६ एप्रिल २०२६ पर्यंत वेळ मिळतो. नाही दाखवता आले तर नाही. पक्षकाराने मध्ये एखादी वकिली नोटीस दिली असेल आणि तिने मुदत वाढली असे तो समजत असेल, तर तसे होत नाही हे टिपणात स्पष्ट लिहावे. मुदत वाढवणारे लिखाण देणेकऱ्याकडून यावे लागते.

म्हणून टिपणाच्या पहिल्याच पानावर मुदतीच्या तीन तारखा येतात, आणि प्रत्येकीपुढे ती कशाच्या आधारावर उभी आहे ते येते. २५ जुलै २०२४ ही आपल्या हातातल्या कागदांवर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावर. २० जानेवारी २०२६ ही अजून न मिळालेल्या एका स्लिपवर. ६ एप्रिल २०२६ ही साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध करायच्या एका अधिकारावर. या तिघींतली काम करण्याची तारीख पहिलीच. उरलेल्या दोन आधार म्हणून ठेवायच्या, पण दाव्यात मांडायच्या मात्र सगळ्या, कारण मुदतीतून सूट मागायची असेल तर तिचे कारण दाव्यातच लिहावे, असे ऑर्डर ७ रूल ६ सांगते.

आता पात्रता. पक्षकार सांगतात, "आमची फर्म रजिस्टर आहे," आणि फाइलमध्ये जीएसटीचे प्रमाणपत्र, शॉप अ‍ॅक्टचा परवाना, पॅन कार्ड आणि नोटरी केलेले भागीदारीपत्र असते. यांतला एकही कागद भागीदारी कायद्याखालची नोंदणी दाखवत नाही. ती दाखवतो रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा उतारा. इंटर्नने तो मागितला की नाही, यावर मी त्याच्या टिपणाची निम्मी किंमत ठरवतो. त्या कायद्याच्या कलम ६९(२) प्रमाणे, नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेला हक्क बजावण्यासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. शिवाय दावा लावणाऱ्यांची नावे भागीदार म्हणून रजिस्टरमध्ये असावी लागतात. सेठ लूणकरण सेठिया विरुद्ध इव्हान जॉन या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे. हळदीराम भुजियावाला प्रकरणात या कलमाची मर्यादाही सांगितली आहे: फर्मने आपल्या धंद्याच्या ओघात समोरच्याशी केलेल्या करारावर आधारलेल्या दाव्यालाच ही आडकाठी आहे. आपला दावा नेमका त्यातच बसतो, म्हणून मर्यादेचा आपल्याला उपयोग नाही.

यातली दिलासा देणारी बाजू अशी की नोंदणी दावा दाखल करताना असली की पुरते. सूत विकले तेव्हा, २०१९ मध्ये, ती असायला हवी होती असे नाही. आज अर्ज केला आणि दाव्याआधी नोंदणी झाली तर दोष उरत नाही. दावा आधी लावून नोंदणी मागाहून केली तर मात्र तो दावा सुधारत नाही, नवा लावावा लागतो. वादपत्र नाकारले गेले तरी ऑर्डर ७ रूल १३ प्रमाणे नवे वादपत्र देता येते, असे इंटर्न आत्मविश्वासाने लिहितात. कायदा तसाच आहे, पण नवे वादपत्र देण्याच्या दिवशी मुदत शिल्लक असली पाहिजे. पात्रतेचा दोष मुदतीचा दोष होतो, तो इथे.

दुसरा दोष दाव्याच्या स्वरूपातला. १६,४०,००० रुपयांची मालाची बाकी हा कमर्शियल कोर्ट्स कायद्याखालचा व्यापारी वाद आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान मूल्य तीन लाख आहे. अशा दाव्याआधी कलम १२-अ प्रमाणे मध्यस्थीला जावेच लागते. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा असेल तरच त्यातून सुटका. पाटील ऑटोमेशन निवाड्यात १७ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी सक्तीची ठरवली आणि २० ऑगस्ट २०२२ पासून ती न पाळणारे वादपत्र नाकारले जाईल असे सांगितले. तेव्हा मनाई हुकूमाचा एक अर्ज जोडून देऊ, असा सल्ला काही टिपणांत येतो. यामिनी मनोहर प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटही अडवली: तातडी खरी आहे की मध्यस्थी टाळण्यासाठी उभी केली आहे, हे कोर्ट पाहील. पाच वर्षे थकलेल्या बाकीत २०२४ मध्ये अचानक तातडी दाखवायला काही वेगळे घडलेले असावे लागते, उदाहरणार्थ कारखानदार यंत्रे विकू लागला आहे. तशी माहिती फाइलमध्ये नसेल तर हा पर्याय सुचवू नये.

मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरायचा नाही, असे कलम १२-अ च सांगते. मग काळजी कसली, असे वाटू शकते. काळजी कागदाची आहे. वगळायच्या काळाची दोन टोके म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिल्याची तारीख आणि मध्यस्थी संपल्याच्या किंवा सुरूच न झाल्याच्या अहवालाची तारीख. अर्जाची पोच आणि अहवालाची प्रत फाइलमध्ये नसेल तर वगळणूक मागता येईल, पण सिद्ध करता येणार नाही. आणि अर्ज मुळात २५ जुलैच्या आधी जायला हवा, नाहीतर वगळायला मुदतच उरणार नाही.

एवढे झाल्यावर टिपणाचा पहिला परिच्छेद कसा असावा, याचा एक नमुना देतो:

"दावा आज मुदतीत आहे. सुरक्षित शेवटची तारीख २५ जुलै २०२४ (अनुच्छेद १५ आणि १० जानेवारी २०२२ चा आदेश; मोजणी जोडपत्रात). त्यानंतरच्या दोन तारखा शक्य आहेत, पण त्या अजून हाती नसलेल्या पुराव्यावर अवलंबून आहेत. दावा आहे त्या स्थितीत दाखल केल्यास चालणार नाही: फर्मच्या नोंदणीचा उतारा नाही आणि कलम १२-अ ची मध्यस्थी झालेली नाही. दोन्ही दोष दूर होण्यासारखे आहेत. शिफारस: नोंदणीचा अर्ज याच आठवड्यात; मध्यस्थीचा अर्ज त्यालाच लागून, नोंदणी पूर्ण होण्याची वाट न पाहता; नोंदणीचा उतारा हाती आल्याशिवाय दावा दाखल करू नये."

या परिच्छेदात एकही निवाडा नाही. निवाडे पुढच्या पानांवर येतात, आणि तेही हेडनोटवरून नव्हे, परिच्छेद क्रमांकासह. पण सीनियर एवढाच परिच्छेद वाचून पक्षकाराला फोन करू शकतो. नोंदणीआधी मध्यस्थीचा अर्ज देण्यावर समोरचा हरकत घेऊ शकेल, कारण कलम ६९(३) मध्ये दाव्याखेरीज "इतर कार्यवाही"चाही उल्लेख आहे. ही जोखीम टिपणाच्या चर्चेत लिहावी आणि निर्णय सीनियरवर सोडावा. इंटर्नला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यावे अशी अपेक्षा नसते. जिथे उत्तर पक्के नाही ती जागा त्याने झाकू नये, एवढीच असते.

पुढच्या प्रकरणांत अशाच फाइली आहेत. कराराच्या पूर्ततेचा दावा, ज्यात अनुच्छेद ५४ खाली मुदत ठरलेल्या तारखेपासून की नकार कळल्यापासून हा प्रश्न आहे. सरकारविरुद्धचा दावा, ज्यात कलम ८० ची नोटीस आणि तिचा वगळायचा काळ आहे. चुकीच्या कोर्टात गेलेली वर्षे कलम १४ खाली परत मिळवण्याची फाइल. आणि विलंबमाफीचे कलम ५ अपील आणि अर्जांना लागते, मूळ दाव्याला लागत नाही, हे विसरल्यामुळे बिघडलेली एक फाइल. प्रत्येक सरावात कागद जसे ऑफिसात येतात तसेच दिले आहेत: काही अपुरे, काही बिनतारखेचे, काही निरुपयोगी. नमुना उत्तर शेवटी आहे. ते उघडण्याआधी स्वतःची शेवटची तारीख कागदावर लिहून तिच्याखाली त्याआधीची कामे क्रमाने मांडावीत. तारीख जुळली पण कामांचा क्रम चुकला, तर टिपण पुन्हा लिहावे, कारण पक्षकाराचा दावा मोजणीतल्या चुकीने जितका बुडतो तितकाच कामांच्या उलट्या क्रमानेही बुडतो.